पॉइंट चार

मी पाणी तपासणारा माणूस आहे आणि मला राग लवकर येतो. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला धक्का नको. इंदूरच्या आमच्या प्रयोगशाळेत निम्म्या मध्यभारताच्या बाटल्या येतात. कोणी घासलेटच्या बाटलीत पाणी भरून पाठवतं, कोणी चिंधीचं बूच लावतं, कोणी बाटलीवर गावाचं नावच लिहीत नाही. मी सगळ्यांवर ओरडतो, मग तपासतो आणि आकडा लिहून कागद परत पाठवतो. पुढे त्या गावात काय होतं ते मला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळावं असं मला कधी वाटलंही नव्हतं.

लीला माझी धाकटी बहीण. तिचे यजमान टायफॉइडनं गेले तेव्हा उषा तीन महिन्यांची होती. लीलानं वर्षभर मल्हारगंजातल्या आमच्या घरी काढलं, मग एक दिवस झाबुआकडच्या आमलीघाटी गावी भिल्ल मुलींच्या सरकारी वसतिगृहावर मास्तरणीची नोकरी धरली. मी पुष्कळ आदळआपट केली. ती म्हणाली, "दादा, तू ओरडून घे. मी बांधाबांध करते." तेव्हा उषा सव्वा वर्षाची होती. हे एक्कावन्न सालचं.

बावन्नच्या दिवाळीला ती घरी आली ती बरोबर पाण्याची एक बाटली घेऊन. कोणी माहेरी लोणचं आणतं, हिनं पाणी आणलं. "बघ ना दादा, आमच्या बोअरचं पाणी. एकदम मीठा. दाल तर चढवली की गळते. साबणाला असा फेस येतो की धुवायला अर्धा घंटा पुरत नाही." तिथं आधी एक पायऱ्यांची बावडी होती. त्या बावडीत लोक पाय बुडवून पाणी भरायचे आणि त्यातून नारू व्हायचा, पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत निघायचा. म्हणून सरकारनं वसतिगृहाच्या आवारात दीडशे फूट बोअर मारली, वर हातपंप बसवला. नारू थांबला. गाव खूश होतं, लीला खूश होती. तिनं आमच्याच तुरीच्या डाळीवर ते पाणी वापरून दाखवलं. डाळ खरंच लोण्यासारखी शिजली.

मला मात्र ती डाळ घशाखाली उतरेना. तिकडे मद्रास इलाख्यात नेल्लोरच्या बाजूला लोकांच्या पाठी ताठ होतात, पाय वाकतात, मुलांचे दात खडूसारखे होऊन त्यांवर तपकिरी पट्टे उमटतात आणि ते पाण्यातल्या फ्लोराइडमुळे, हे मी वाचलेलं होतं. हेही वाचलं होतं की असलं पाणी बहुतेक वेळा मऊ असतं. मी बाटलीत उरलेलं पाणी प्रयोगशाळेत नेलं. फ्लोराइडची तपासणी दिसायला सोपी. एक गुलाबी-लाल रंगाचं द्रावण असतं, ते पाण्यात घालायचं आणि तासभर थांबायचं. फ्लोराइड जितकं जास्त तितका लाल रंग मरतो आणि पिवळा वर येतो. मग माहीत असलेल्या आकड्यांच्या नळ्यांशेजारी आपली नळी धरायची. पाण्याच्या दहा लाख भागांत फ्लोराइडचा एक भाग चालतो, दीडच्या वर नको. लीलाच्या पाण्याची नळी माझ्या सगळ्या नळ्यांच्या पलीकडे गेली. पाणी पातळ करून पुन्हा केलं. सहा पॉइंट आठ.

घरी आलो तेव्हा उषा अंगणात बसून उसाचं कांडं चोखत होती. तिचे दुधाचे दात पांढरेशुभ्र होते. पण दुधाच्या दातांवरून काही कळत नाही. पुढे आयुष्यभर राहणारे दात त्या वयात हिरडीच्या आत घडत असतात, आणि पाण्यातून जे येतं ते त्यांच्यात बसतं. घडून झाले की मग कोणी काही करू शकत नाही.

मी लीलाला सांगितलं, "उषाला इथं ठेव. आठ वर्षांची होईपर्यंत तिनं ते पाणी प्यायचं नाही."

लीला म्हणाली, "आणि माझ्या चाळीस जणी? त्यांचे मामा कुठे आहेत?"

हे असं बोलते ती. मग मी छाती पुढे काढून म्हणालो की मी गाळणी बनवतो, चाळीस जणींसाठी आणि एक्केचाळिसाव्या उषासाठीही. "माझ्यावर सोड," असंही म्हणालो. तिनं सोडलं. उषाला घेऊन परत गेली.

पाणी नुसतं उकळून हे जात नाही. उकळल्यानं पाणी आटतं, फ्लोराइड आहे तिथंच राहतं, म्हणजे उलट दाटच होतं. फडक्यातून, वाळूतून गाळूनही जात नाही, कारण ते विरघळलेलं असतं. त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. ॲल्युमिनियमच्या एका संयुगाचे दाणे भट्टीत तापवून तयार करतात, त्यांना सक्रिय ॲल्युमिना म्हणतात. दिसायला साबुदाण्यासारखे पांढरे, पण आतून इतके सच्छिद्र की मूठभर दाण्यांच्या आतला पृष्ठभाग पसरला तर फुटबॉलचं मैदान झाकून वर उरेल. पाणी त्यांच्यातून सावकाश उतरलं की फ्लोराइड त्या पृष्ठभागाला चिकटून बसतं आणि खाली बिनफ्लोराइडचं पाणी येतं. जागा भरल्या की दाणे थकतात. तेव्हा ते आधी सौम्य कॉस्टिक सोड्यानं धुवायचे, म्हणजे चिकटलेलं फ्लोराइड सुटून येतं. मग साध्या पाण्यानं. मग अगदी सौम्य गंधकाम्लानं, कारण सोड्यानं दाणे अल्कधर्मी होऊन बसतात आणि तशा दाण्यांना फ्लोराइड धरवत नाही. आम्ल दिलं की ते पुन्हा ताजे.

मुंबईहून दाणे मागवायला आणि वरच्या सह्या मिळवायला पाच महिने गेले. त्रेपन्नच्या एप्रिलमध्ये मी स्वतः ड्रम घेऊन आमलीघाटीला गेलो. धारच्या पुढे मोटार काळ्या मातीतून बाहेर पडली तशी जमीनच बदलली. आपल्या माळव्याखाली काळा खडक. तिकडे गुलाबी, कणीदार, म्हाताऱ्या जातीचा खडक उघडा पडलेला, मध्येच जांभळट-पांढऱ्या काचेसारख्या दगडाच्या शिरा. त्या दगडातच फ्लोरिन असतं. पावसाचं पाणी असल्या खडकाच्या भेगांत उतरतं आणि वर्षानुवर्षं तिथंच मुरत बसतं. सोडा घेतं, चुना सोडून देतं. पाण्यात चुना असता तर त्यानं फ्लोराइडला धरून खाली बसवलं असतं. चुना नाही म्हणून फ्लोराइड मोकळं, आणि चुना नाही म्हणूनच डाळ शिजते, साबण फेसाळतो. बावडी उथळ. तिच्यात दर पावसाळ्याचं नवं पाणी आणि आसपासच्या मुरमातला चुना. तिथं फ्लोराइड पॉइंट चार, नारू मात्र हवा तितका. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

ड्रम बसवला. वरून बोअरचं पाणी घालायचं, खालच्या तोटीतून प्यायचं घ्यायचं. हे सगळं सांभाळायची जबाबदारी द्वारकाबाईंवर होती. द्वारकाबाई वसतिगृहाच्या गृहमाता, साठीच्या, मूळच्या इंदूरच्याच, कडक सोवळ्याच्या, आणि पोरींवर जीव टाकणाऱ्या. ड्रममधले दाणे नवेच होते, म्हणून बाजूला काढलेल्या मूठभर दाण्यांवर मी त्यांना सोड्यानं कसं धुवायचं ते हातानं करून दाखवलं. सोड्याचं पाणी लांबच्या खड्ड्यात ओतायला लावलं. आम्लाची पाळी आली तेव्हा गाववाल्यानं हाक दिली की बैलगाडी जुंपलीय, उशीर झाला तर झाबुआची मोटार चुकेल. मी म्हणालो, "पुढचं सगळं कागदावर लिहिलंय. दर दीड महिन्यानं हे करायचं, आणि दर पंधरा दिवसांनी खालच्या तोटीची एक बाटली मला पाठवायची." द्वारकाबाईंनी कागद कपाळाला लावला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मला हसू आलं. गाडीत बसलो.

पहिल्या बाटलीत पॉइंट पाच निघाला. मग पॉइंट सात. तिसऱ्या बाटलीत एक पॉइंट तीन, म्हणजे दाणे थकत आले. तेवढ्यात दीड महिना झाला आणि पुढच्या बाटलीत पॉइंट चार! मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. आमचे वरिष्ठ दत्तोपंत पलीकडच्या खोलीतून डोकावले, "क्या हुआ भिया?" मी नळी दाखवली. त्याच दिवशी द्वारकाबाईंना पत्र लिहिलं. मी कोणाला शाबासकी देत नाही, पण त्यांना दिली. लिहिलं की तुमचं काम इतकं चोख आहे की आमच्या कचेरीतल्या माणसांनी तुमच्याकडे येऊन शिकावं, असंच पाणी कायम पाठवत जा.

त्यांनी कायम पाठवलं. पॉइंट चार. पॉइंट चार. एखाद्या वेळी पॉइंट तीन. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. त्रेपन्न गेलं, चोपन्न गेलं, पंचावन्न गेलं. गाळणीचा आकडा असा एका जागी बसत नाही, धुतल्यावर खाली येतो आणि मग हळूहळू चढतो, हे मला माहीत नव्हतं काय? होतं. मी स्वतःला समजावलं की बाई घड्याळासारख्या चालतात, थकायच्या आधीच धुतात. दत्तोपंतांनी एका बैठकीत मला माझ्या गाळणीवर वीस मिनिटं निबंध वाचायला लावला. मी आकड्यांचा तक्ता भिंतीवर टांगला. लोकांना तो फार आवडला. लीलाही माझे कागद जपून ठेवायची. पाण्याबद्दल कोणी आईबाप शंका घेऊन मुलीला न्यायला आले की ती कागद काढून दाखवायची आणि म्हणायची, माझा भाऊ सरकारी प्रयोगशाळेत आहे, माझी स्वतःची मुलगी हेच पाणी पिते.

मी मात्र पुन्हा तिकडे गेलो नाही. दुरून डोंगर साजरे. लीला सुट्टीत येत होती, उषा दरवेळी चार बोटं उंच झालेली दिसत होती, अजून काय हवं?

छप्पनच्या मार्चमध्ये लीलाचं कार्ड आलं. उषाचे पुढचे दुधाचे दात पडले होते आणि नवे येत होते. 'नवे दात जरा खडूसारखे वाटतात. एकावर पिवळट रेघ आहे. तुझ्या पाण्यामुळे तसं होणं शक्य नाही ना दादा?' मी उलट टपाली लिहिलं: 'अजिबात शक्य नाही. कोणी तिला मिश्री लावायला शिकवतंय का ते पाहा. आधी दात घासायला लाव, मग मला विचार.' कार्ड टाकून आलो आणि विसरलो.

मेच्या सुरुवातीलाच इंदूरचे नळ कोरडे पडले. आमच्याकडेही सकाळी एक बालदी पाणी यायचं आणि दुपारपर्यंत संपायचं. एका दुपारी माझ्या हातांना तेल लागलं होतं. आमलीघाटीची बाटली नुकतीच तपासून झाली होती, पॉइंट चार, अर्धी बाटली उरली होती. म्हटलं फेकण्यापेक्षा हात धुऊ. साबण घेतला, पाणी घातलं, चोळलं. फेस येईना. आणखी चोळलं. हातावर दह्यासारख्या कण्या जमल्या.

पहिली दोन मिनिटं मी साबणालाच शिव्या दिल्या. मग साबण खाली ठेवला आणि बाटली उचलून पाहिली.

बोअरच्या पाण्यात साबण धुऊन निघता निघत नाही, इतका फेस येतो. ॲल्युमिना फ्लोराइड काढतो, पाण्यात चुना घालत नाही. मऊ पाणी वरून घातलं तर खालून मऊच यायला हवं. मी उरलेल्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातल्या चुन्याचं माप, काढली. तीनशे ऐंशी. माझ्या त्रेपन्नच्या वहीत बोअरची कठीणता लिहिलेली होती: चाळीस. पुढच्या पानावर बावडीची: तीनशे सत्तर. फ्लोराइड पॉइंट चार.

तीन वर्षं मी बावडी तपासत होतो. कारण कागदावर फक्त फ्लोराइड मागितलेलं होतं आणि मी फक्त फ्लोराइड बघत होतो.

मी दत्तोपंतांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो की मला आजच आमलीघाटीला जायचंय. ते वैतागलेले होते. मध्यभारत हे राज्यच मोडणार, राजधानी भोपाळला जाणार, फाइली बांधायचं काम सगळ्या खोल्यांतून चाललं होतं. "अरे अच्युतराव, आता काय आग लागली? आपका वो फिल्टर तो नंबर वन चल रहा है. त्याची फाइल तर मी सगळ्यांत वर बांधलीय."

"तो चालत नाही," मी म्हणालो. "तीन वर्षं चालला नाही."

 ते खुर्चीत बसले आणि इतकंच म्हणाले, "जाओ."

दुसऱ्या दिवशी दुपारी वसतिगृहात पोचलो. लीला वर्गात शिकवत होती. मी तिला हाक न मारता आधी मागच्या पडवीत गेलो. ड्रम होता तिथंच होता, घासूनपुसून लख्ख, गळ्यात झेंडूची माळ. तोटीखाली हंडा भरत होता. मी पेटी उघडली, द्रावण काढलं, तोटीचं पाणी नळीत घेतलं आणि पायरीवर बसून राहिलो. नळी पिवळी होत गेली. तासाभरानं ताडून पाहिलं. पाच पॉइंट नऊ.

द्वारकाबाई पदर सावरत आल्या. "अगंबाई, अच्युतराव! न कळवता आलात? चहा ठेवते."

"द्वारकाबाई, मला जी बाटली पाठवता ती कुठे भरता?"

त्यांनी सहज सांगितलं. "बावडीवर. पहाटे आंघोळ करून जाते. दुहेरी धोतरातून गाळून घेते. देवाच्या अभिषेकाला तेच, बड्या पाहुण्याला तेच, आणि सरकारच्या बाटलीलाही तेच. क्यों, खराब निकला क्या?"

  मी विचारलं, "तोटीचं का नाही?"

"आधी तोटीचंच भरत होते हो. पण ते पहिल्यांदा धुतलं ना, तर पाणी असं बुळबुळीत आलं, जीभ चरचरली. पोरी थुंकल्या. मी तीन दिवस पाणी ओतत राहिले तेव्हा चव गेली. त्यात तुमची बाटली भरायची वेळ आली. तसलं पाणी इंदूरला बड्या साहेबांपुढे कसं ठेवू? इज्जतीचा प्रश्न. म्हणून एक डाव बावडीचं पाठवलं." त्यांनी पदर खोचला. "मग तुमचं ते शाबासकीचं पत्र आलं. असंच पाणी कायम पाठवत जा म्हणालात. मग मी तेच पाठवलं."

"धुतल्यावर आम्ल दिलं होतं? कागदावर लिहिलेलं?"

द्वारकाबाई उठल्या आणि मला कोठीच्या खोलीत घेऊन गेल्या. कोपऱ्यात मी दर सहामाहीला पाठवलेल्या आम्लाच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या. सहा बरण्या. सहाही बुचांवरचं लाखेचं सील शाबूत.

"तेजाब आहे ते," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या मोहल्ल्यात एकीचं तोंड गेलं होतं त्यानं. पोरी पितात त्या पाण्यात मी तेजाब ओतू? मला वाटलं, तुम्ही घाईत होतात, गाडी उभी होती, लिहिताना काहीतरी चुकलं असेल. सोड्यानं मात्र धुतलंय हां. दर दीड महिन्याला, एकही पाळी चुकवली नाही."

म्हणजे तीन वर्षं दाणे सोड्यात बसून होते, आणि तसे ते जवळजवळ काहीच धरत नाहीत. मी कागदावर काय करायचं ते लिहिलं होतं. का करायचं ते एका ओळीत लिहिलं असतं, की बाई, हे तेजाब इतकं पातळ करायचंय की लिंबाच्या सरबतापेक्षा आंबट लागणार नाही आणि नंतर सगळं वाहून जाणार आहे, तर त्यांनी ते केलं असतं. पण माझी मोटार चुकली असती.

"काय झालं? सांगा ना," द्वारकाबाई म्हणाल्या. मी सांगितलं. त्या खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागल्या. मी त्यांचे हात धरले. आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी ओरडण्याचा हक्क होता आणि ओरडावंसं वाटलं नाही. त्यांच्यापेक्षा माझाच राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

शाळा सुटली. मुली पडवीत आल्या. पुढे एक दहा-अकरा वर्षांची, शारदा नावाची, चालताना तिचे गुडघे एकमेकांना घासत होते आणि पावलं बाहेर फेकली जात होती. त्रेपन्नमध्ये ती माझ्या पेटीमागे पळत आली होती. मागून लीला आली. तिनं मला पाहिलं, मग नळीकडे पाहिलं. ती रसायनवाली नाही, पण पिवळा रंग तिला ओळखता येत होता, बावन्न साली मीच दाखवला होता.

"किती?" तिनं विचारलं.

"पाच पॉइंट नऊ."

"कधीपासून?"

"पहिल्या धुण्यापासून. तीन वर्षं झाली."

ती भिंतीला टेकली.  मग म्हणाली, "दादा, शारदाचा बाप दोनदा तिला न्यायला आला होता. मी तुझा कागद दाखवून त्याला परत पाठवलं. दोन्ही वेळा."

मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"कोणाची आहे ते मला नको सांगूस," ती म्हणाली. "काय करायचं ते सांग."

मग तीन दिवस मी तेच केलं. मुलींसाठी बावडीचं पाणी, फडक्यानं गाळून आणि उकळून. नारू त्यानं अडतो, पण मेमध्ये बावडीत रोजचे चारच हंडे निघत होते. लीलानं मुलींना रांगेत बसवून वाट्या मोजून पाणी दिलं. इकडे मी पुन्हा सोडा दिला, पाणी दिलं, आणि मग द्वारकाबाईंना शेजारी बसवून पहिल्या बरणीचं सील फोडलं. बालदीभर पाण्यात थोडं थोडं आम्ल कसं घालायचं, आम्लात पाणी कधीच का घालायचं नाही, लिटमसचा कागद कसा धरायचा, सगळं त्यांच्या हातानं करून घेतलं.  सौम्य केलेलं आम्ल मी बोटावर घेऊन दाखवलं, मग त्यांनी घेतलं. "जळत नाही," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. दाणे आम्लानं धुतले, मग पाण्यानं, लिटमस शांत होईपर्यंत.

या तीन दिवसांत उषा माझ्याजवळ आली नव्हती. आली तरी ओठ मिटून. मीही तिला तोंड उघड म्हटलं नव्हतं. पाणी तपासायची माझी पंधरा वर्षं झालीत, पण सहा-सात वर्षांच्या मुलीला आ कर म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी तोटीच्या पाण्याची नळी लावली. तासभर लाल राहिली. पॉइंट सहा. खरा पॉइंट सहा. मी कठीणताही काढली, पस्तीस. द्वारकाबाईंनी हात जोडले. लीलानं पहिला पेला भरला आणि उषाला हाक मारली.

उषा आली. पेला हातात घेतला, पण प्यायली नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "मामा, हे पाणी पिऊन माझे दात ठीक होऊन जातील?"

तेव्हा मला दिसले. वरचे दोन्ही पुढचे दात, खडूसारखे मंद पांढरे, मधोमध तपकिरी आडवी रेघ, एकाच्या कडेला छोटासा खड्डा. घासून जाणारे नव्हेत. हे दात तीन, चार, पाच वर्षांच्या वयात घडले होते. मी ज्या वर्षांत बावडीचा तक्ता भिंतीवर टांगून टाळ्या घेतल्या, त्याच वर्षांत.

लीला माझ्याकडे बघत होती. खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हणालो, "नाही ग. पुढचे हे असेच राहणार. पण तुझ्या मागच्या दाढा अजून आत आहेत, त्यांचं घडायचं काम थोडं बाकी आहे. त्या चांगल्या येतील. हाडंही चांगली राहतील."

उषानं जीभ फिरवून मागच्या बाजूला काहीतरी चाचपून पाहिलं. मग तिनं विचारलं, "मागच्या दाढा कोणाला दिसतात, मामा?"

पडवीत सगळ्या मुली उभ्या होत्या. शारदाही होती. कोणी हसलं नाही.

"कोणाला नाही," मी म्हणालो. "तरी पी."

तिनं पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.